पहिली भेट दिवसाउजेडी आणि कमी खर्चात: दोघांच्या वेळा जुळवून चॅटवर बेत कसा ठरवावा

भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि बँकांची रविवारी. त्यामुळे पुण्यात एक जण कारखान्यात आणि दुसरी बँकेत असेल, तर दोघांच्या सुट्ट्या वर्षभर एकमेकींना चुकवत राहतात. माझ्या ओळखीतल्या एका जोडीचे हेच झाले होते. तो कासारवाडीत राहणारा, भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात तीन पाळ्यांमध्ये काम करणारा. ती कर्वेनगरला राहणारी आणि बँकेत नोकरीला. चॅटवर गप्पा छान रंगत होत्या, पण भेटीचा विषय निघाला की त्याच चार ओळी पुन्हा येत. ‘कधी भेटायचं?’ ‘तू सांग.’ ‘तुला कधी जमतंय?’ ‘बघू या.’ असे अकरा दिवस गेले. या दोघांनी शेवटी जो बेत ठरवला, तोच उदाहरण म्हणून घेऊन पुढची पद्धत सांगतो, कारण हिशेब खऱ्या वेळापत्रकावर मांडला म्हणजे नेमके कुठे अडते ते दिसते.

आधी सुट्टी नव्हे, मोकळे तास विचारावेत

‘तुला सुट्टी कधी असते?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. तो ‘गुरुवारी’ म्हणतो, ती ‘रविवारी’ म्हणते आणि दोघांनाही वाटते की आता कोणीतरी रजा काढल्याशिवाय भेट होणार नाही. मला विचाराल तर पहिल्या भेटीसाठी कोणीही रजा काढू नये. रजा खर्ची घातली की त्या भेटीकडून नकळत अपेक्षा वाढतात, आणि समोरच्यालाही आपल्यासाठी याने पगारी रजा घालवली याचे ओझे वाटते. चहा पिऊन तासाभरात उठावेसे वाटले, तरी मग उठता येत नाही.

दिवसाउजेडी भेटायला अख्खा दिवस लागत नाही. दीड ते पावणेदोन तासांची सलग मोकळीक पुरते. म्हणून चॅटवर विचारायचे ते असे: ‘पुढच्या दोन आठवड्यांत तुझी कोणती पाळी कधी आहे?’ आणि आपले वेळापत्रक त्याच निरोपात सांगून टाकायचे, म्हणजे ती चौकशी न वाटता देवाणघेवाण होते. त्याने लिहिलेला निरोप मी पाहिला आहे. ‘आमची शिफ्ट शुक्रवारी बदलते. ७ तारखेपासून थर्ड, १४ पासून सेकंड, २१ पासून फर्स्ट. फर्स्ट म्हणजे सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा. तुझं कसं असतं?’ तिचे उत्तर: ‘रविवार, आणि दुसरा-चौथा शनिवार. बाकीच्या दिवशी साडेसहाच्या आत सुटतच नाही.’ एवढ्या दोन निरोपांत जे कळले, ते आधीच्या अकरा दिवसांत कळले नव्हते.

महिना होता २०२५चा नोव्हेंबर. त्या महिन्यात दुसरा शनिवार ८ तारखेला आणि चौथा २२ तारखेला येत होता. आता तिची प्रत्येक सुट्टी घेऊन तिच्यासमोर त्याची पाळी ठेवायची. ८ आणि ९ तारखेला त्याची रात्रपाळी होती. रात्रपाळीचा माणूस सकाळी सातला सुटतो, घरी येऊन झोपतो आणि दुपारी तीनला डोळे चोळत उठतो. अशा अवस्थेत साडेचारला भेटणे शक्य असते, पण ते कोणाच्याही हिताचे नसते. जांभई आवरत बसलेला माणूस समोरच्याला कंटाळलेला वाटतो. १६ तारखेच्या रविवारी त्याची दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. २२ आणि २३ तारखेला पहिली पाळी, म्हणजे साडेतीननंतर मोकळा. पण घरी जाऊन, आंघोळ करून शहरात यायला पावणेपाच वाजणार, आणि नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सव्वा तासात उजेड संपला असता. म्हणून १६ तारीख पक्की धरली आणि २२ तारीख राखीव ठेवली.

गुरुवारचे काय, असे कोणी विचारेल. गुरुवारी तो दिवसभर रिकामा असतो, आणि बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत तिला भेटायला जाण्याची कल्पना त्याला सुचलीही होती. तिने ती नाकारली, आणि बरोबरच केले. अर्ध्या तासात डबा, फोन आणि पहिली भेट बसत नाही. शिवाय तो अर्धा तास शाखेच्या दारात, ओळखीच्या खातेदारांच्या डोळ्यांदेखत घालवावा लागतो.

वेळ मागून मोजत यावी

तारीख ठरली की घड्याळाचा हिशेब भेटीपासून पुढे न करता शेवटापासून मागे करावा, कारण अडचण बहुधा निघण्याच्या वेळी येते. १६ तारखेला त्याला दुपारी साडेतीनला कामावर उभे राहायचे होते आणि कंपनीची बस पावणेतीनला थांब्यावर येत असे. त्याआधी घरी जेवण, डबा, कपडे बदलणे यासाठी दीड तास. म्हणजे सव्वाला घरी पोहोचायचे, आणि वाटेत उशीर होईल हे धरून पावणेबाराच्या सुमारास उठायचे. आदल्या रात्री बाराला पाळी सुटून झोपायला दीड वाजणार, तर साडेआठच्या आधी उठण्याचा बेत आखू नये. मेट्रोने कासारवाडीहून शिवाजीनगरला यायला आणि तिथून चालायला वेळ धरला, तर भेटीची वेळ दहा येते. दहा ते पावणेबारा, म्हणजे पावणेदोन तास, आणि दोन्ही टोके कामाने आधीच बांधलेली.

शेवटाची वेळ आधीच ठरलेली असणे हा दिवसाच्या भेटीचा मोठा फायदा आहे. पहिल्या भेटीत सर्वांत अवघड काम असते ते ‘आता निघू या’ म्हणण्याचे. ते काम कंपनीच्या बसने केले, की कोणालाच वाईट वाटत नाही. ज्यांना अशी आपोआप मर्यादा नसते, त्यांनी ती स्वतः घालावी: बाराला मावशीकडे जेवायला जायचे आहे, किंवा साडेबाराला बहिणीला स्टेशनवर आणायला जायचे आहे. मात्र ती खरी असावी. खोटे कारण पुढच्या भेटीत आठवून सांभाळत बसावे लागते.

जागा निवडताना

कमी खर्चाची जागा म्हणजे स्वस्त हॉटेल, असा एक गैरसमज आहे. जिथे काहीही विकत न घेता बसता येते आणि पाच-दहा मिनिटे चालल्यावर चहा मिळतो, ती खरी कमी खर्चाची जागा. हॉटेलात टेबल अडवून बसले की वेटर दर पंधरा मिनिटांनी येऊन ‘और कुछ?’ विचारतो आणि मग भूक नसताना पदार्थ मागवले जातात. दोघांपैकी एकाला ते बिल जड जाणार असेल, तर त्याचे लक्ष गप्पांत राहत नाही.

या दोघांनी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर निवडले. आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकात कोरलेले हे लेणे भर शहरात आहे, आत जायला तिकीट नाही, आणि आवारात मोठी झाडे व सावली आहे. समोर खडकातूनच कोरलेला गोल नंदीमंडप आहे, छत्रीसारख्या छताचा. शेजारीच जंगली महाराजांचे मंदिर असल्यामुळे सकाळी लोकांची ये-जा असते. त्यामुळे जागा शांत असली तरी निर्जन नसते. पहिल्या भेटीसाठी हे दोन्ही गुण एकत्र लागतात. आणखी एक गोष्ट म्हणजे पाहायला काहीतरी समोर असते. पहिल्या पाच मिनिटांत बोलायला काही सुचले नाही, तर ‘हे काम अर्धवट का सोडलं असेल?’ एवढा प्रश्न पुरतो. मात्र हे नांदते शिवमंदिर आहे, चपला काढाव्या लागतात, आणि महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी इथे भेट ठरवू नये. त्या दिवशी दर्शनाची रांग असते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावे. नकाशावर पाताळेश्वर कासारवाडीपेक्षा कर्वेनगरला जवळ आहे, आणि तसे पाहिले तर हा बेत त्याच्यावर अन्याय करणारा दिसतो. पण त्याला कासारवाडी ते शिवाजीनगर थेट मेट्रो होती, गाडी बदलावी लागत नव्हती, आणि शिवाजीनगर स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या आत चालत पोहोचता येत होते. पुणे मेट्रोचे तिकीट किमान १० रुपये आणि कमाल ३५ रुपये आहे, त्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च डोक्याला ताप देणारा नव्हता. ती स्वतःच्या दुचाकीवर येणार होती. रविवारी सकाळी दहाला जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळते. तेच संध्याकाळी सहाला म्हणाल तर देव पावला पाहिजे. शिवाय दोघेही आपापल्या वाहनाने येणार आणि आपापल्या वाहनाने जाणार, हे पहिल्या भेटीत असावेच. ‘मी तुला घ्यायला येतो’ हे कितीही प्रेमाने म्हटलेले असले तरी त्यासाठी घराचा पत्ता द्यावा लागतो आणि परतीची वेळ दुसऱ्याच्या हाती जाते.

चॅटवर आणखी काही नावे पुढे आली होती, ती का गळाली हे सांगण्यासारखे आहे. त्याने आधी सिंहगड सुचवला. पुण्यातल्या मुलाला पहिल्या भेटीसाठी सिंहगड सुचत नाही, असे होत नाही! पण चढ-उतार आणि प्रवास धरून तिथे अर्धा दिवस जातो, मधूनच निघता येत नाही, आणि दुपारी साडेतीनची पाळी गाठता येत नाही. तिने वेताळ टेकडी म्हटले. पण सकाळची फिरायला येणारी मंडळी दहानंतर घरी गेलेली असतात, टेकडी रिकामी होते, आणि अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या जागी जाऊ नये. सिनेमाचा विचार दोघांनीही सोडला, कारण अडीच तास अंधारात गप्प बसून माणूस कळत नाही. एका बागेचे नाव निघाले होते, पण महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात आणि मधल्या वेळेत बंद होतात. दिवसाच्या भेटीचा बेत फसतो तो बहुधा इथेच: साडेदहाला आत बसलेल्यांना पहारेकरी शिट्टी वाजवून बाहेर काढतो आणि मग दोघे फुटपाथवर उभे राहून ‘आता कुठे?’ करत बसतात. म्हणून बाग असो वा संग्रहालय, नाव पाठवण्याआधी त्या दिवसाची आणि त्या तासाची वेळ तपासावी. अनेक संग्रहालयांना सोमवारी किंवा आठवड्यातला दुसरा एखादा दिवस सुट्टी असते.

चहा-नाश्त्यासाठी जवळच फर्ग्युसन रस्ता होता. तिथल्या नावाजलेल्या उपाहारगृहांत रविवारी सकाळी नाव लिहून बाहेर थांबावे लागते, आणि पावणेदोन तासांपैकी चाळीस मिनिटे फुटपाथवर घालवणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी बाजूच्या गल्लीतले साधे, दारावर दरफलक लावलेले उपाहारगृह धरले. दर आधी दिसणे महत्त्वाचे आहे, त्याकडे पुन्हा येतो.

निरोप कसा लिहावा

आता प्रत्यक्ष निरोप. त्याने जो पाठवला तो जसाच्या तसा देतो, कारण त्यातला प्रत्येक तुकडा काहीतरी काम करतो. ‘१६ तारखेला रविवारी सकाळी दहाला पाताळेश्वर? थोडा वेळ तिथे बसू, मग जवळच चहा-इडली. मला पावणेबाराला निघावं लागेल, सेकंड शिफ्ट आहे. हे नाही जमलं तर २२ला शनिवारी पावणेपाचला जमेल, पण तेव्हा तासभरच मिळेल. आणि टीटीएमएम, चालेल ना?’

यात वार आणि तारीख दोन्ही आहेत. नुसते ‘या रविवारी’ लिहिले की शुक्रवारी वाचणारा एक रविवार समजतो आणि सोमवारी वाचणारा दुसरा. जागा एकच आहे. पाच जागांची यादी पाठवली की निवडण्याचे काम समोरच्यावर ढकलले जाते आणि उत्तर पुन्हा ‘तू सांग’ असे येते. वेळेचे पर्याय मात्र दोन आहेत, कारण जागेबाबत माणूस सहसा अडून बसत नाही, वेळेबाबत खरोखर अडचण असू शकते. शेवटाची वेळ कारणासकट आधीच सांगितली आहे, त्यामुळे पावणेबाराला उठला तेव्हा त्याला काही आवडले नाही असा अर्थ निघाला नाही.

पैशांचे सहज येऊन गेले आहे, आणि ते तसेच यावे. ‘माझं बजेट कमी आहे’ असे लिहिले की समोरचा माणूस सांत्वन करू लागतो. ‘तू म्हणशील तिथे, पैशांची काळजी करू नको’ असे लिहिले की महागड्या कॅफेचे नाव येण्याची वाट मोकळी होते. त्यापेक्षा ‘चहा-इडली’ हा शब्दच आकडा सांगून जातो. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हे कॉलेजच्या कट्ट्यावरून सगळ्यांच्या ओळखीचे असल्याने कोणाला टोचत नाही. त्या दिवशी इडली, वडा आणि दोन-दोन चहा धरून दोघांचे मिळून तीनशेच्या आत भागले. तिने बिल दिले आणि त्याने तिथेच अर्धे पैसे फोनवरून पाठवले.

तिचे उत्तर आले ते असे: ‘१६ चालेल. पण दहाऐवजी सव्वादहा, रविवारी घरी पाणी उशिरा येतं. आणि मी आत न येता गेटपाशी थांबेन, तू आलास की आत जाऊ.’ हे उत्तर वाचायला शिकावे. होकार आहे, बदल आहे, आणि बदलाचे कारण आहे. म्हणजे तिने तो बेत स्वतःच्या दिवसात बसवून पाहिला आहे. याउलट ‘हो बघू, सांगते’ असे उत्तर आले आणि त्यासोबत दुसरी वेळ आली नाही, तर एकदा राखीव तारीख पुढे करावी. त्या तारखेलाही ‘बघू’च आले, तर तो बहुधा नकार आहे असे समजून विषय सोडावा, तिसऱ्यांदा विचारणे म्हणजे तगादा.

आदला दिवस आणि बिघाड

ठरले म्हणून चार दिवस गप्प बसू नये आणि रोज आठवणही करू नये. आदल्या संध्याकाळी एक ओळ पुरते: ‘उद्या सव्वादहा, पाताळेश्वरचं गेट, पक्कं ना?’ पाळीच्या माणसाच्या बाबतीत ही ओळ औपचारिक नसते, कारण शनिवारी रात्री सुपरवायझर ‘उद्या ओटीला लवकर ये’ असे सांगू शकतो. तसे झाले तर रद्द करण्याच्या निरोपातच नवी तारीख द्यावी. ‘सॉरी, उद्या नाही जमणार’ एवढेच लिहिले तर समोरची व्यक्ती ते टाळणे समजते. ‘उद्या ओटी लागला, २२ला पावणेपाच धरू या का?’ लिहिले तर तीच गोष्ट केवळ पुढे ढकललेली भेट ठरते. राखीव तारीख पहिल्या निरोपातच दिलेली असली की ही ओळ लिहिणे सोपे जाते.

रस्ताही आदल्या दिवशी पाहून घ्यावा. पुण्यात रविवारी सकाळी धावण्याच्या स्पर्धांसाठी रस्ते बंद असतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन असली की शहरातल्या दुचाकीस्वारांची चांगलीच पंचाईत होते. पावसाळ्यात हाच बेत केला असता, तर लेण्याऐवजी थेट उपाहारगृहात भेटून वेळ तासाभराची केली असती. छताखाली कुठे बसायचे, ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहिल्याच निरोपात लिहावे.

ठरलेला बेत शेवटच्या घटकेला बदलू पाहणारा माणूस मात्र वेगळ्या डोळ्यांनी पाहावा. वेळ बदलली तर समजू शकते. पण उघड्या, वर्दळीच्या जागेऐवजी कोणाच्या फ्लॅटवर किंवा शहराबाहेर भेटायचा आग्रह झाला, किंवा ‘टेबल बुक करायचंय, या लिंकवर पैसे पाठव’ असे आले, तर भेट तिथेच रद्द करावी. एका विशिष्ट, कधी न ऐकलेल्या कॅफेचाच हट्ट होत असेल आणि तिथे दर न लिहिलेले मेनूकार्ड पुढे येत असेल, तर ती नेहमीच्या फसवणुकीची पद्धत आहे. भेटायला आलेली व्यक्ती हॉटेलशी मिळालेली असते आणि बिल हजारोंत येते. दारावर दरफलक असलेली जागा धरावी असे वर म्हटले, ते यासाठीही. आपण कुठे, किती वाजेपर्यंत आहोत हे घरातल्या किंवा मैत्रीतल्या एकाला सांगून ठेवावे. तिने बहिणीला जागेचे नाव आणि ‘पावणेबारा’ एवढेच पाठवले होते.

१६ तारखेला तो सव्वादहाला पाच मिनिटे असताना पोहोचला, ती सव्वादहाला सात मिनिटे उलटल्यावर. नंदीमंडपाच्या पायरीवर वीस मिनिटे बसून दोघे इडली खायला गेले. साडेअकराला त्याच्या फोनचा गजर वाजला, कारण त्याने निघण्याच्या वेळेआधी पंधरा मिनिटांचा गजर लावून ठेवला होता. तो बंद करून त्याने दुसरा चहा सांगितला आणि पावणेबाराला उठला. पुढच्या भेटीचे कोणी विचारले नाही. २२ तारखेला त्याची पाळी साडेतीनला सुटते आणि तिला चौथ्या शनिवारची सुट्टी आहे, हे दोघांच्या चॅटमध्ये वरती लिहिलेलेच होते.